वाचायची टिपणं ते बोलायची टिपणं: चौदा स्लाइडच्या एका भाषणाचं प्रकरण

भाषण होतं भूजलावर. श्रोते म्हणजे तालुक्याच्या गावी प्रशिक्षणाला जमलेले सरपंच, ग्रामसेवक आणि पाणी समित्यांचे सदस्य. बोलणारी माझी सहकारी भूवैज्ञानिक आहे, विहिरींची पाहणी करत गावोगाव फिरलेली. विषय तिला तोंडपाठ होता असं म्हणणंही कमीच ठरेल. वेळ मिळाली होती २० मिनिटं, स्लाइड होत्या १४, आणि प्रत्येक स्लाइडखालच्या नोट्समध्ये पूर्ण मजकूर लिहिलेला होता, सगळा मिळून २,४०० शब्दांच्या आसपास.

पहिली तालीम २७ मिनिटं चालली. पण जास्तीच्या सात मिनिटांपेक्षा वेगळीच गोष्ट मला खटकली. शेतात विहिरीच्या काठावर उभी राहून हीच मुलगी लोकांना कातळाचे थर इतके छान समजावते की म्हातारी माणसंही प्रश्न विचारायला लागतात. तालमीत तिचा आवाज मात्र परिपत्रक वाचल्यासारखा येत होता. फोनवर केलेलं रेकॉर्डिंग ऐकल्यावर कारण कळलं. ती वाक्याचा अर्थ संपतो तिथे थांबत नव्हती. स्क्रीनवर ओळ संपून पुढची सुरू होते तिथे थांबत होती. "कठीण बेसाल्टमध्ये पाणी केवळ भेगा व" असं म्हणून क्षणभर शांतता, आणि मग "सांध्यांमध्ये साठते". बोलणारा माणूस वाचतोय का हे ओळखायची याहून पक्की खूण मला माहीत नाही. ऐकणाऱ्याला स्क्रीन दिसत नाही, पण विराम चुकीच्या जागी पडतोय हे कानाला लगेच कळतं.

दुसरी खूण भाषेची. आपली लिहायची मराठी आणि बोलायची मराठी यांत बरंच अंतर आहे. सरकारी किंवा संशोधन अहवाल लिहिण्याची सवय असलेल्या माणसाच्या नोट्समध्ये तर ते आणखी वाढतं. सहाव्या स्लाइडवर थरांचा छेद होता. तिच्याखालचं मूळ टिपण असं होतं:

> सदर स्लाइडमध्ये बेसाल्ट खडकाच्या विविध थरांचा छेद दर्शविण्यात आलेला आहे. महाराष्ट्राच्या ८० टक्क्यांहून अधिक भूभागावर बेसाल्ट खडक आढळून येतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या ज्वालामुखीय उद्रेकांमधून लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा खडक तयार झालेला आहे. यामध्ये कठीण बेसाल्ट व सच्छिद्र बेसाल्ट असे दोन प्रमुख प्रकार आढळतात. कठीण बेसाल्टमध्ये पाणी केवळ भेगा व सांध्यांमध्ये साठते, तर सच्छिद्र बेसाल्टचे अपक्षयन झालेले असल्यास त्यात पाणी साठण्याची व वाहण्याची क्षमता अधिक असते. दोन थरांच्या दरम्यान काही ठिकाणी तांबड्या मातीचा थर आढळतो, ज्यामधून पाण्याचे वहन सहसा कमी प्रमाणात होते. त्यामुळे एकाच गावातील शेजारच्या दोन विहिरींच्या पाणीपातळीत तफावत दिसून येते.

माहिती म्हणून यात एक अक्षर चूक नाही. अहवालात हा परिच्छेद जसाच्या तसा चालेल. पण मोठ्यानं वाचून पाहा. "दर्शविण्यात आलेला आहे", "आढळून येतो", "तफावत दिसून येते" असं कुणी समोरच्या सरपंचाशी बोलत नाही. शिवाय ऐकणाऱ्याच्या कामाची गोष्ट, म्हणजे शेजारच्या दोन विहिरींचं पाणी वेगळं का, ती शेवटच्या वाक्यात आली आहे. तोवर समोरच्याचं लक्ष चहाकडे गेलेलं असतं.

मी तिला नोट्स कमी करायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी ती जे घेऊन आली ते बहुतेक जण करतात तसंच होतं. मजकुरातले महत्त्वाचे शब्द ठेवून बाकी सगळं काढून टाकलेलं:

> • बेसाल्ट – ८०%
> • ६.६ कोटी वर्षे
> • कठीण / सच्छिद्र
> • भेगा, अपक्षयन
> • तांबडा थर
> • विहिरी – तफावत

दिसायला सुटसुटीत. त्या दिवशीची तालीमही बरी झाली, कारण मूळ मजकूर तिच्या डोक्यात ताजा होता. मधे शनिवार-रविवार गेला आणि सोमवारी पुन्हा उभी राहिली, तर "तांबडा थर" या शब्दांशी येऊन ती थबकली. "ताई, याच्यापुढे काय सांगायचं होतं तेच आठवेना. तांबडा थर म्हणजे काय ते मला माहितेय, पण तो इथे का सांगतेय?"

अडचण नेमकी इथेच आहे. "तांबडा थर" हे नुसतं एका गोष्टीचं नाव आहे. त्या थराबद्दल तिला काय म्हणायचंय आणि मागच्या वाक्याशी त्याचा काय संबंध, हे त्या दोन शब्दांत कुठेच नाही. पानभर मजकूर वाचताना निदान विचाराची साखळी कागदावर असते. नुसते शब्द उरले की साखळीच्या कड्या जातात आणि नावं राहतात. विषय माहीत असलेल्या माणसाला नावांची आठवण करून द्यावी लागत नाही. तो अडतो ते एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाताना.

म्हणून आम्ही उलटीकडून सुरुवात केली. मूळ मजकुराची फाइल बंद केली, नोट्स पूर्ण रिकाम्या ठेवल्या आणि तिला स्लाइड दाखवत बोलायला लावलं. फोनचं रेकॉर्डिंग चालू. नियम एकच, अडलीस तरी थांबायचं नाही, जसं येईल तसं पुढे जायचं. मग रेकॉर्डिंग ऐकताना आम्ही दोघींनी चारच प्रकारच्या जागा टिपल्या: जिथे ती अडली, जिथे आकडा किंवा नाव चुकलं, जिथे हातानं काही करायचं राहून गेलं, आणि जिथे ती वाहवत जाऊन वेळ गेला. बाकी जे आपोआप नीट आलं होतं त्याला टिपणाची गरजच नव्हती.

निकाल पाहून तिलाच आश्चर्य वाटलं. चौदापैकी चार स्लाइडवर ती कुठेही अडली नाही. त्यांच्याखाली आम्ही फक्त पुढच्या स्लाइडवर नेणारं वाक्य ठेवलं. उलट जिथे तिनं मूळ टिपणात सगळ्यात कमी लिहिलं होतं, त्या पावसाच्या हिशोबाच्या स्लाइडवर ती सगळ्यात जास्त अडखळली. पूर्ण मजकूर लिहिताना आपण आपल्याला येणाऱ्या गोष्टीच लांबवून लिहितो, कारण त्या लिहायला सोप्या जातात. मजकूर कापून टिपणं केली तर तोच असमतोल छोट्या आकारात शिल्लक राहतो. न बघता बोलल्याशिवाय मदत कुठे लागते ते कळत नाही.

सहाव्या स्लाइडवर न बघता बोलताना ती आपसूक विहिरींपासून सुरू झाली होती, आणि खडकांना लोकांची नावं वापरली होती. कठीण बेसाल्टला काळा पाषाण, सच्छिद्र बेसाल्टला मांजऱ्या, शिवाय मुरूम, ही नावं विहीर खोदणाऱ्या माणसांच्या तोंडी आहेत आणि सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. त्यावरून तयार झालेलं शेवटचं टिपण असं:

> "शेजारी शेजारी दोन विहिरी. एकीला एप्रिलपर्यंत पाणी, दुसरी जानेवारीत कोरडी. कुणाकडे आहे असं?"
> [थांब. हात वर येऊ देत.]
> [दोन्ही दगड पहिल्या रांगेत दे.]
> काळा पाषाण: पाणी धरतो ते फक्त भेगांत
> मांजऱ्या: झिजलेला असेल तरच पाणी चांगलं
> मधला तांबडा थर पाणी सहसा खाली सोडत नाही, म्हणून बोअर खोल नेली की पाणी वाढेलच असं नाही
> पुढे: "मग आपल्या गावाखाली कुठला थर कुठे आहे, हे कळायचं कसं?" [क्लिक]

यातल्या प्रत्येक ओळीमागे कारण आहे. पहिलं वाक्य पूर्ण लिहिलंय, कारण स्लाइड बदलल्यावरचे पहिले दोन-तीन सेकंद सगळ्यात अवघड असतात. एकदा तोंड उघडलं की पुढचं येतं. मधल्या तीन ओळींना क्रियापद आहे. "मांजऱ्या – पाणी" असं लिहिलं असतं तर पुन्हा नुसती नावंच झाली असती. "झिजलेला असेल तरच" हे सांगणं आहे, आणि ते वाचलं की पुढचं अर्धं मिनिट ती स्वतःच्या शब्दांत बोलू शकते. "म्हणून" हा शब्द फाइलमध्ये जाड केलाय, कारण सोमवारी निसटली ती कडी हीच होती. आणि शेवटी पुढच्या स्लाइडवर नेणारा प्रश्न पूर्ण लिहिलाय, क्लिक करण्याआधी म्हणायचा. हे वाक्य टिपणात नसेल तर बहुतेक वक्ते आधी क्लिक करतात, नवी स्लाइड बघतात आणि मग "तर यामध्ये आपण बघतोय की" असं सुरू करतात. तिच्या पहिल्या तालमीत जवळपास प्रत्येक स्लाइडची सुरुवात याच शब्दांनी झाली होती.

८० टक्के आणि ६.६ कोटी वर्षं टिपणातून गेली. ८० टक्के स्लाइडच्या नकाशावरच छापलेलं होतं, आणि कोटी वर्षं या श्रोत्यांना त्या क्षणी नको होती. कुणी विचारलंच असतं तर तिला येत होतं.

पावसाच्या हिशोबाच्या नवव्या स्लाइडचं टिपण मात्र मूळच्यापेक्षा वाढलं. इथे आकडे डोक्यात ठेवून उभ्यानं गुणाकार करायचा होता, आणि न बघता बोलताना तिनं शून्यं चुकवली होती. म्हणून हिशोब पायरीपायरीनं लिहिला:

> "तुमच्याकडे पाऊस किती पडतो?" [उत्तर घे]
> १ मिमी पाऊस, १ हेक्टर = १०,००० लिटर
> ६०० मिमी, १ हेक्टर = ६० लाख लिटर
> गाव ८०० हेक्टर = ४८० कोटी लिटर
> [आकडा म्हणून झाल्यावर गप्प राहा]
> हे सगळं जमिनीत जात नाही: काही वाहून जातं, काही उडून जातं, जिरतो तो थोडा भाग

सभागृहातून ६०० ऐवजी ५०० किंवा ७०० मिमी असं उत्तर आलं तर काय करायचं, हेही ठरवून ठेवलं. प्रत्येक १०० मिमीला हेक्टरी १० लाख लिटर, ही एक ओळ खाली जोडली. छापील मजकूर वाचणाऱ्याला असा वळसा घेताच येत नाही. त्याच्यासमोरचं वाक्य ६०० चं असतं आणि सभागृह ५०० म्हणत असतं.

एक टिपण आम्ही मुद्दाम जसंच्या तसं ठेवलं, अक्षरशः वाचण्यासाठी. अकरावी स्लाइड कायद्याची होती. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदता येत नाही, ही अट राज्यात १९९३ च्या कायद्यानं आली. पुढे २००९ चा भूजल अधिनियम आला. अशा ठिकाणी आपल्या शब्दांत सांगायला गेलं की "शक्यतो खोदू नये" असं काहीतरी तोंडून जातं, आणि ऐकणारा सरपंच गावात जाऊन तेच सांगतो. कायद्याची अट, कुणाचं अवतरण, औषधाची किंवा खताची मात्रा, आर्थिक आश्वासन या गोष्टी वाचूनच सांगाव्यात, आणि वाचतोय हे लपवूही नये. तिच्या टिपणात वर लिहिलं होतं: [कागद हातात घेऊन वाच]. बाकी वीस मिनिटं माणूस समोर बघून बोलत असेल तर त्या एका वाक्याला वाचल्यामुळे वजनच येतं.

आता टिपण किती लांब असावं हा प्रश्न. याचं उत्तर आम्हाला स्क्रीननं दिलं. पॉवरपॉइंटच्या Presenter View मध्ये डावीकडे चालू स्लाइड मोठी दिसते, उजवीकडे वर पुढची स्लाइड आणि तिच्याखाली नोट्स. नोट्सचं अक्षर खालच्या बटणांनी मोठं करता येतं. ती उभी राहणार होती आणि लॅपटॉप टेबलावर असणार होता, म्हणून तेवढ्या अंतरावरून वाचता येईल इतकं अक्षर वाढवलं, तेव्हा आठ-नऊ ओळी मावल्या. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असल्यानं ओळींना जागा जरा जास्तच लागते. नवव्या ओळीनंतर माउसनं खाली सरकवावं लागत होतं, आणि बोलता बोलता सरकवायला गेलं की जागा हरवते. तेव्हा न सरकवता जेवढं दिसेल तेवढंच टिपण, हा निकष ठरला. ज्याला तपासायचं असेल त्याला दुसरा पडदा लागत नाही. विंडोजवर `Alt + F5` दाबलं की एकाच स्क्रीनवर Presenter View उघडतो, आणि टिपणं प्रत्यक्षात कशी दिसतील ते घरी बसून कळतं. नोट्स लिहिताना खालच्या पट्टीत त्या जशा दिसतात त्यावरून हा अंदाज येत नाही.

वेळेचंही टिपणातच बांधलं. तिचा बोलायचा वेग मिनिटाला साधारण नव्वद-शंभर शब्दांचा. इंग्रजी भाषणांसाठी सांगितले जाणारे मिनिटाला १२० ते १५० शब्दांचे आकडे मराठीला तसेच लावू नयेत, कारण आपले शब्द प्रत्यय लागून लांब होतात. तिसऱ्या, सातव्या आणि अकराव्या स्लाइडच्या टिपणात वर घड्याळ लिहिलं: "इथे ४ मि.", "इथे १० मि.", "इथे १६ मि.". दहाव्या स्लाइडवर जाड अक्षरात "१४ च्या पुढे गेलीस तर ही सोड", आणि ती सोडल्यावर थेट कायद्याकडे नेणारं वाक्य. सलग लिहिलेल्या मजकुरातून ऐनवेळी काही गाळणं फार कठीण असतं, कारण कुठून कापलं तर पुढचं जुळेल हे उभ्या उभ्या सुचत नाही. ते आधी घरी ठरवून ठेवायला हवं.

मग मूळ २,४०० शब्दांचं काय करायचं? ते फेकायचे नव्हते. आमच्याकडे भाषणानंतर स्लाइड सगळ्यांना पाठवतात, आणि जे आले नाहीत ते नोट्स वाचूनच विषय समजून घेतात. एकाच नोट्सकडून दोन कामं करून घ्यायची म्हणूनच मुळात त्या अहवालासारख्या लिहिल्या गेल्या होत्या. तेव्हा जुनी फाइल तशीच ठेवली आणि File > Export > Create Handouts मधून स्लाइड आणि तिच्याखालचा मजकूर वर्डमध्ये काढून वाचायची प्रत केली. बोलायच्या टिपणांची फाइल वेगळी. ती बाहेर पाठवायची वेळ आली तर आधी File > Info > Check for Issues > Inspect Document मध्ये जाऊन नोट्स काढून टाकायच्या. "इथे प्रश्न आला तर टाळ" असं स्वतःसाठी लिहिलेलं वाक्य पन्नास जणांच्या मेलमध्ये जाऊ नये.

प्रत्यक्ष कार्यक्रमात सभागृहातला प्रोजेक्टर लावल्यावर लॅपटॉप आणि पडद्यावर एकच चित्र येत होतं, म्हणजे टिपणं दिसणारच नव्हती. `Windows + P` दाबून Extend निवडल्यावर सुटलं. पण प्रत्येक ठिकाणी ते सुटेलच असं नसतं. काही ठिकाणी लॅपटॉपच आयोजकांचा असतो. म्हणून Print मध्ये Notes Pages निवडून काढलेले छापील कागद तिच्या हातात होतेच.

बोअरच्या वाक्यावर अपेक्षेप्रमाणे चर्चा पेटली. एका सरपंचांनी गावातल्या बंद पडलेल्या बोअरची हकिगत सांगितली, ती नीट ऐकून घेतली, आणि नवव्या स्लाइडपर्यंत यायला उशीर झाला. दहावी सोडून ती सरळ कायद्यावर गेली. कुणाला काही सुटल्याचं जाणवलं नाही.

एक टिपण मात्र फसलं. बाराव्या स्लाइडवर जागा वाचवायला तिनं "पु. क्षे. – वरचा भाग" असं लिहिलं होतं. पुनर्भरण क्षेत्र. घरी लिहिताना हे इतकं उघड होतं की मलाही खटकलं नाही. माइकसमोर तिची नजर "पु. क्षे." वर गेली आणि काही क्षण तिला ते "पुढील क्षेत्र" वाटलं. तिथे आता "पाणी मुरतं ते गावाच्या वरच्या अंगाला, खड्डे तिथेच" असं वाक्य आहे. तीन-चार शब्द वाढले, पण वाचून उलगडावं असं काही उरलं नाही. बाकीची सगळी टिपणंही मग आम्ही संक्षेपांसाठी एकदा चाळली.

पुढे हेच भाषण दुसऱ्या तालुक्यात तिच्याऐवजी एका सहकाऱ्याला द्यावं लागलं. त्यानं तिची फाइल उघडली आणि सहाव्या स्लाइडवर येताच फोन केला. "दोन्ही दगड दे" म्हणजे कुठले दगड, आणि तांबड्या थरावरून बोअरवर उडी का, हे त्याला कळेना. साहजिक होतं. ती टिपणं तिच्या अडण्याच्या जागांवरून बनली होती, आणि त्याच्या जागा वेगळ्या होत्या. त्याला आम्ही वर्डची वाचायची प्रत दिली, ती वाचून तो नोट्सशिवाय एकदा बोलला, आणि त्याच्या रेकॉर्डिंगवरून त्याची टिपणं नव्यानं केली. सहावी स्लाइड त्याच्याकडे विहिरींपासून सुरू होत नाही, तांबड्या थराच्या फोटोपासून होते. नवव्या स्लाइडच्या हिशोबाच्या ओळी मात्र त्यानं तशाच घेतल्या, कारण शून्यं त्याचीही चुकली होती.